डीईएमवरून एलएस घटक काढताना ओढ्याच्या सेलमध्ये अवाढव्य मूल्ये येतात (भोगावती खोरे)

भोगावतीकाठ

नमस्कार. भोगावती खोऱ्यातील जमिनीची धूप आरयूएसएलई मॉडेलने काढण्याचे काम मी करीत आहे. दाजीपूरच्या जंगलापासून राधानगरी धरण ओलांडून प्रयाग चिखलीपर्यंतचा भाग घेतला आहे. एसआरटीएमचे ३० मीटरचे डीईएम EPSG:32643 मध्ये आणले, खड्डे भरले, फ्लो अ‍ॅक्युम्युलेशन प्रयोगशाळेतील आर्कजीआयएसमध्ये काढले आणि पुढचे गणित घरी क्यूजीआयएसमध्ये केले. मूर आणि बर्च यांचे प्रचलित सूत्र वापरले आहे:

```
(("acc@1"*30/22.13)^0.4) * ((sin("slp@1"*0.01745)/0.0896)^1.3) * 1.4
```

डोंगरउतारांवर ५ ते १२ च्या दरम्यान मूल्ये येतात आणि ती पटण्यासारखी वाटतात. मात्र ओढे आणि नदीच्या रेषेवर ती शेकड्यांत जातात. एक सेल मुद्दाम तपासला. तेथे वरून येणारे सेल ४०,००० आहेत, उतार १० अंश दाखवतो आणि एलएस सुमारे २५९ येतो. उलट डोंगरधारेवर सलग शून्याच्या बारीक रेषा दिसतात. पुढे आर, के, सी यांच्याशी गुणाकार केल्यावर नदीपात्रातूनच हेक्टरी हजारो टन माती वाहून जाते असे चित्र उभे राहते आणि खोऱ्याची सरासरी निरर्थक होते. सूत्र चुकले आहे, की डीईएम?

सड्यावरचा

यात घाबरण्यासारखे काही नाही. हे सर्वांच्याच नकाशात होते. आम्ही एलएसच्या रास्टरला ३० ची कमाल मर्यादा घालतो. त्यावरील सर्व सेलना ३० हेच मूल्य देतो आणि पुढे जातो. धारेवरच्या शून्यांसाठी संचयात १ मिळवावा, म्हणजे तोही प्रश्न मिटतो.

मृदाजल

सड्यावरचा यांचा दुसरा उपाय बरोबर आहे. आर्कजीआयएस स्वतःचा सेल मोजत नाही, म्हणून धारेवरच्या सेलचा संचय शून्य आणि त्यामुळे एलएसही शून्य येतो. ग्रासमधील r.watershed स्वतःचा सेल धरून मोजते, तेथे १ मिळवण्याची गरज नसते. पहिला उपाय मात्र नकाशा दिसायला नीट करतो, गणित तसेच चुकीचे ठेवतो.

भोगावतीकाठ, सूत्र चुकलेले नाही आणि डीईएमही फारसे दोषी नाही. जेथे सूत्र लागू होत नाही तेथे ते चालवले गेले आहे. तुमच्याच सेलचा हिशेब पाहू. ४०,००० सेल म्हणजे ३६ चौरस किलोमीटर क्षेत्र. त्याला ३० मीटर रुंदीने भागले की १२,००,००० मीटर येतात, आणि सूत्र ही संख्या उताराची लांबी म्हणून वापरते. म्हणजे पावसाचे पाणी जमिनीवर पातळ पसरून सलग १,२०० किलोमीटर वाहत आले असे आपण मॉडेलला सांगत आहोत. या एका संख्येमुळे लांबीचा घटक ७८ पट होतो.

मूळ समीकरण ज्या चाचणी-वाफ्यांवर बसवले गेले त्यांच्या परिभाषेत उताराची लांबी दोनपैकी एका ठिकाणी संपते: उतार इतका कमी होतो की माती साचू लागते, किंवा पाणी स्पष्ट प्रवाहमार्गात शिरते. आरयूएसएलईच्या १९९७ च्या हस्तपुस्तिकेनुसार ही लांबी सहसा ४०० फुटांच्या, म्हणजे सुमारे १२२ मीटरच्या आत संपते. तुमच्या डीईएमवर ते जेमतेम चार सेल झाले. त्यापुढचा संचय ही ओढ्याची गोष्ट आहे, उताराची नव्हे.

आता त्या सेलचा १० अंशांचा उतार. छत्तीस चौरस किलोमीटरचे पाणी वाहून नेणाऱ्या ओढ्याचा तळ १० अंशांनी उतरत असेल असे मला वाटत नाही. उतार काढताना शेजारचे आठ सेल पाहिले जातात, म्हणजे ६० मीटरच्या अंतरात अरुंद घळीचे दोन्ही काठ त्यात येतात. जो आकडा मिळतो तो बहुधा काठाचा असतो. एकाच सेलमध्ये ओढ्याचे पाणी आणि काठाचा उतार यांचा गुणाकार झाला, म्हणून २५९.

वरून ३० ची मर्यादा घातली तर त्या सेलला ३० मिळतील, पण तेही खोटेच. शिवाय ज्यांचा एलएस २५ आला आहे असे लहान ओहोळांचे शेकडो सेल मर्यादेखाली राहून सरासरी फुगवत राहतील. छाटायचा असेल तर संचय छाटावा, निकाल नव्हे.

नकाशेवाला

माझा अनुभव वेगळा आहे, त्यामुळे येथेच विचारतो. मी हेच सूत्र जसेच्या तसे ग्रासच्या r.mapcalc मध्ये टाकले, तर सगळीकडे ०.०१, ०.०५ अशी नगण्य मूल्ये आली. मग ०.०१७४५ काढून टाकून क्यूजीआयएसमध्ये चालवले, तर नकाशावर वाघाच्या अंगावर असतात तसे रिकामे पट्टे पडले. दुसरे असे की ३० मीटरऐवजी आलोस पाल्सारचे १२.५ मीटरचे डीईएम फुकट मिळते. ते घेतले तर ओढे आणि उतार वेगळे दिसतील आणि भोगावतीकाठ यांचा प्रश्न मुळातच सुटेल, असे मला वाटते.

रानमाणूस

चर्चा वाचली, सगळे कळले असे म्हणणार नाही. माझे रान पन्हाळ्याच्या पायथ्याला आहे. हायड्रोमार्करने मोजले तेव्हा शंभर फुटांत आठ फूट उतार आला. रानाची लांबी उताराच्या दिशेने दोनशे फूट आहे आणि मध्ये दोन बांध आहेत. माझ्या रानाचा हा आकडा किती येईल, आणि उपग्रहाच्या नकाशावरून तो मला बघता येईल का? पहिल्या पावसात खालच्या बांधाला दरवर्षी माती येऊन लागते.

मृदाजल

आधी नकाशेवाला. ०.०१७४५ ने गुणणे म्हणजे अंशांचे रेडियन करणे. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरला रेडियन लागतात, तर r.mapcalc चे sin() अंशच घेते. तेथे तुम्ही अंशांना दुसऱ्यांदा लहान केले, त्यामुळे उताराचा घटक जवळपास १९० पटींनी घटला. क्यूजीआयएसमध्ये उलट झाले: १० अंश हे १० रेडियन समजले गेले. ३.१४ ते ६.२८ या दरम्यानच्या संख्यांचा साइन ऋण येतो, ऋण संख्येचा १.३ हा घात निघत नाही, म्हणून तेवढे सेल रिकामे पडतात; पुढे ९.४२ ते १२.५७ मध्ये तेच. तुमचे रिकामे पट्टे नेमके ३.१४ ते ६.२८ अंशांच्या उतारावर आहेत का, हे उताराचा थर खाली ठेवून पाहा. असतील तर दुसरे कारण शोधण्याची गरज नाही.

१२.५ मीटरचे म्हणाल, तर पाल्सारच्या रडार-प्रतिमांसोबत मिळणारे ते उंचीचे रास्टर आपल्या भागासाठी एसआरटीएमवरूनच पुनर्नमुना करून बनवलेले आहे. सेल लहान झाले, माहिती वाढली नाही. उताराचा नकाशा मोठा करून पाहिला तर जुन्या सेलच्या पायऱ्या त्यात बहुतेक दिसतात.

कोपर्निकसचे ३० मीटरचे डीईएम एसआरटीएमपेक्षा नितळ आहे, पण ते झाडांच्या शेंड्यांसह पृष्ठभाग दाखवते. दाजीपूरच्या जंगलाची कड जेथे १५ मीटर उंच झाडांवरून एकदम गवताळ सड्यावर येते, तेथे सपाट जमिनीवरही ६० मीटरमागे १५ मीटर, म्हणजे सुमारे १४ अंशांचा खोटा उतार तयार होतो. तुमच्या एलएस नकाशात जंगलाच्या सीमेची बाह्यरेषा उमटलेली दिसली तर तो उतार डोंगराचा नाही, झाडीचा आहे.

रानमाणूस, तुमचा प्रश्न मुख्य चर्चेपासून दूर नाही. नकाशावरून तुमचे रान पाहता येणार नाही, कारण ६० मीटर लांबीचे रान म्हणजे नकाशाचे दोन सेल, आणि बांध त्यात दिसतच नाहीत. पण तुम्ही स्वतः मोजले आहे, ते नकाशापेक्षा चांगले. ८ टक्के उताराला उताराचा घटक ०.८९ येतो. बांध नसते आणि पाणी सलग ६० मीटर वाहिले असते तर एलएस १.४४ झाला असता. दोन बांधांनी त्याचे २० मीटरचे तीन तुकडे केले, म्हणून तो ०.८५ वर आला. अर्थात बांध फुटलेले नाहीत आणि पाणी एका तुकड्यातून दुसऱ्यात शिरत नाही, असे धरून.

भोगावतीकाठ

मृदाजल सर, आभारी आहे. संचय छाटण्याचे तत्त्व पटले. परंतु मूर आणि बर्च यांच्याऐवजी डेस्मेट आणि गोव्हर्स यांचे १९९६ चे सूत्र वापरावे असे पुष्कळ ठिकाणी वाचले. दोन्हींत खरोखर फरक पडतो का, की केवळ नवे म्हणून ते घेतले जाते? आणि संचय छाटायचा तर नेमका कोणत्या पायरीवर?

मृदाजल

फरक पडतो, आणि तो एका साध्या उतारावर हाताने काढून पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. १२ अंशांचा सरळ उतार घ्या, धारेपासून खाली चार सेल, एकूण १२० मीटर. आरयूएसएलईच्या पद्धतीने संपूर्ण उताराला एकच आकडा द्यायचा झाला तर लांबीचा घटक २.८६, उताराचा २.९९ आणि एलएस ८.६ येतो. तुमच्या सूत्राने सर्वांत खालच्या सेलला ८.२ येतात. वरवर दोन्ही जुळतात, पण पहिला आकडा साऱ्या उताराची सरासरी आहे आणि दुसरा फक्त खालच्या टोकाचा आहे.

डेस्मेट आणि गोव्हर्स प्रत्येक सेलमध्ये किती क्षेत्राचे पाणी शिरते आणि बाहेर पडताना ते किती होते, या दोहोंच्या फरकावरून त्या सेलचा स्वतःचा वाटा काढतात. वरील उतारावर वरून खाली लांबीचा घटक १.२१, २.५१, ३.४६ आणि ४.२६ असा वाढत जातो. या चारांची सरासरी २.८६ येते, म्हणजे संपूर्ण उताराचा आकडा अबाधित राहतो आणि धूप उताराच्या खालच्या अंगाला जास्त होते हेही दिसते. सेलनिहाय नकाशा करायचा असेल तर मला हे सूत्र अधिक प्रामाणिक वाटते. शिवाय त्यात लांबीचा घातांक उताराप्रमाणे बदलतो. १२ अंशांना तो ०.६२ आहे, तर तुमच्या सूत्रात सड्यावरही ०.४ आणि कड्यावरही ०.४.

ग्रासमध्ये ते असे करता येते. सेल ३० मीटरचा असेल तरच ९०० हा आकडा बरोबर आहे, हे तेवढे ध्यानात ठेवा.

```
g.region raster=dem
r.watershed -a elevation=dem accumulation=acc
r.slope.aspect elevation=dem slope=slp aspect=asp
r.mapcalc "b = (sin(slp)/0.0896)/(3*sin(slp)^0.8+0.56)"
r.mapcalc "m = b/(1+b)"
r.mapcalc "xf = abs(sin(asp))+abs(cos(asp))"
r.mapcalc "ain = min((acc-1)*900.0, 2700.0)"
r.mapcalc "L = ((ain+900)^(m+1)-ain^(m+1))/(30^(m+2)*xf^m*22.13^m)"
```

शेवटून दुसऱ्या ओळीत छाटणी आहे: सेलमध्ये शिरणारे क्षेत्र तीन सेलांपेक्षा जास्त धरायचे नाही, म्हणजे स्वतःचा धरून चार. r.watershed ला -a दिले नाही तर डीईएमच्या कडेबाहेरून पाणी येण्याची शक्यता असलेल्या सेलना ते ऋण संचय देते आणि पुढे घात काढताना ते सेल रिकामे पडतात. -a ने ऋण चिन्ह जाते, पण तो आकडा अपुराच असतो. त्यामुळे डीईएम खोऱ्यापेक्षा मोठे कापून घ्यावे आणि सीमेची कात्री सर्वांत शेवटी लावावी. उताराच्या घटकासाठी ९ टक्क्यांखाली `10.8*sin(slp)+0.03` आणि त्यावर `16.8*sin(slp)-0.5` पुरे. सड्यांच्या कातळकड्यांवर कोणतेही सूत्र लावू नका. जेथे मातीच नाही तेथून ती वाहून जाणार कुठून? कडे, ओढे आणि राधानगरीचा जलाशय हे तिन्ही नकाशातून वगळावेत.

भोगावतीकाठ

चालवून पाहिले. जो सेल २५९ दाखवत होता तो आता ९.८ वर आला आणि धारेवरची शून्येही गेली. ओढ्यांचे सेल वेगळे काढले आहेत. एक शंका उरते. छाटणीमुळे चौथ्या सेलच्या खालचे सर्व सेल ४.२६ सारख्या एकाच कमाल आकड्यावर अडकतात. उतार ४०० मीटर लांब असेल तर वरचे तीन सेल सोडून बाकी सगळा उतार कमाल मूल्यावर राहतो. हे बरोबर आहे का?

मृदाजल

नेमकी हीच या पद्धतीची दुखरी बाजू आहे, आणि बहुतेक लेखांत ती मर्यादा एका वाक्यात उरकली जाते. १२२ मीटरच्या मर्यादेचा अर्थ असा की तेवढ्या अंतराच्या आत पाणी एखाद्या लहान ओहोळात शिरते आणि उतार नव्याने सुरू होतो. तसे असेल तर खालच्या भागाची सरासरी २.८६ च्या आसपास राहायला हवी. छाटणीने मात्र आपण तेथे ४.२६ देतो, म्हणजे जवळपास दीडपट. यावर मी दोन मार्ग वापरतो. अभ्यास खोऱ्यांच्या आपसांतील तुलनेचा असेल तर ही दीडपट सगळीकडे सारखी चढते असे धरून छाटणी ठेवतो. टनांचा आकडा कोठे द्यायचा असेल तर संचय न छाटता ओहोळांचे जाळे अधिक दाट काढतो आणि प्रत्येक ओहोळाशी उताराची लांबी तोडतो. पण मग ओहोळ किती संचयाला सुरू होतो हे ठरवावे लागते, आणि ते डीईएम सांगत नाही.

बांधबंदिस्ती

मी मृदसंधारणाच्या कामातून निवृत्त झालो आहे. संगणकाचे मला फारसे कळत नाही, तरी एक गोष्ट खटकते म्हणून लिहितो. तुम्ही सर्व जण १२२ मीटरवर वाद घालता आहात. राधानगरी आणि गगनबावड्याच्या बाजूला चढावर भातखाचरे आहेत. एक खाचर दहा-पंधरा मीटर रुंद असते आणि प्रत्येकाला बांध असतो. तेथे पाणी १२० मीटर सलग वाहतच नाही. त्याच्या वर वरकस जमिनीत नाचणी असते आणि तेथे पाणी खरोखर सुसाट येते. तुमच्या नकाशात खाचर आणि वरकस एकाच सेलच्या रंगात बसतात. ओहोळ कोठे सुरू होतो हे विचाराल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर वरकसात जाऊन उभे राहावे, तो पायाखाली दिसतो.

सड्यावरचा

काका, त्यासाठीच मॉडेलमध्ये पी घटक असतो. खाचरांना कमी पी दिला की बांधांचा परिणाम त्यात येतो. एलएसमध्ये तो वेगळा शोधण्याचे कारण नाही.

मृदाजल

सड्यावरचा, या वेळी तुमच्याशी निम्मा सहमत आहे. एलएस डीईएमवरून बांधाविना काढला असेल तर पी घटकाने खाचरांची दुरुस्ती करणे योग्य. मात्र रानमाणूस यांच्यासारखा बांध मोजून लांबी २० मीटर धरली आणि वर पुन्हा पी कमी केला, तर एकच बांध दोनदा मोजला जातो. आणि लांबी कमी केल्याने जे मिळते ते पी घटकाने नेहमीच भरून येते असेही नाही, कारण पी चे आकडे ज्या शेतांवरून आले ती शेते आमच्या खाचरांसारखी नव्हती.

बांधबंदिस्ती

मग खाचरांना लांबी किती धरायची?

मृदाजल

मी असतो तर भूवापराच्या नकाशातून खाचरे वेगळी काढून तेथे लांबी १५ मीटर ठेवली असती आणि पी एक धरला असता. पण खाचराचा बांध पावसाळ्यात मुद्दाम फोडून पाणी खाली सोडतात, त्या दिवसांत ही लांबी कोठवर जाते याचे उत्तर माझ्याकडे नाही.

रानमाणूस

सोडतात, पण भात लावणीनंतर पाणी फारसे गढूळ नसते. गढूळ पाणी येते ते चिखलणीच्या आठवड्यात.

भोगावतीकाठ

चिखलणीचा मुद्दा माझ्या सी घटकातही नाही, कारण मी पूर्ण हंगामाला एकच सी धरला आहे. एलएससाठी आता असे करतो: खाचरे वेगळी, वरकसावर डेस्मेट आणि गोव्हर्स, आणि ओहोळांची सुरुवात १० सेलांवर आणि २० सेलांवर अशी दोनदा धरून दोन्ही नकाशे येथे टाकतो. बांधबंदिस्ती काका, राधानगरीच्या वरच्या अंगाला वरकसात ओहोळ दिसतात ती दोन-तीन ठिकाणे सांगितलीत तर दोन्हींपैकी कोणता नकाशा जवळचा आहे ते जाऊन पडताळता येईल.